केसपेपरवर न लिहिलेलं वजन

ओलान्झापिनची गोळी सुरू झाली की घरच्यांना पहिला बदल दिसतो तो ताटात. दोन पोळ्यांत उठणारा मुलगा पाच खाऊ लागतो, रात्री उठून स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतो. आईला बरंच वाटतं. कित्येक महिने धड न जेवलेलं, न झोपलेलं, कानात ऐकू येणाऱ्या आवाजांशी भांडणारं पोर आता जेवतंय आणि झोपतंय. त्या आनंदात वजनाकडे कोणी बघत नाही, आणि बघितलंच तर ‘अंग भरलं’ म्हणून समाधानच मानलं जातं.

डॉक्टरांनी मात्र बघायला हवं. स्किझोफ्रेनिया आणि तशाच तीव्र आजारांवरची औषधं, म्हणजे अँटिसायकोटिक्स, मेंदूतल्या डोपामिनला अडवतात म्हणून भास-भ्रम कमी होतात. पण यातली काही औषधं तेवढ्यावर थांबत नाहीत. हिस्टामिन आणि सेरोटोनिन यांची जी केंद्रं ‘पोट भरलं’ असं सांगतात, त्यांनाही ती गप्प करतात. शिवाय स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्याच्या कामातही ढवळाढवळ करतात, त्यामुळे वजन फारसं न वाढताही एखाद्याची साखर वाढू शकते. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या बाबतीत सगळ्यांत पुढे आहेत. क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन मधल्या पायरीवर, तर ॲरिपिप्राझोल आणि जुनं हॅलोपेरिडॉल त्यामानाने सौम्य. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोकांना वाटतं त्याचं कारण आत्महत्या असेल. ती असतेच, पण मोठा वाटा हृदयविकार आणि त्याच्या भाऊबंदांचा आहे.

हे सगळं मानसोपचारतज्ज्ञांना ठाऊक नाही असं नाही. २००४ साली अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आणखी दोन संस्थांसह एकत्र बसून वेळापत्रकच ठरवून दिलं. औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी बघायची. वजन पुन्हा चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला, मग दर तीन महिन्यांनी. रक्तदाब, साखर आणि चरबी बाराव्या आठवड्याला परत. त्यानंतर रक्तदाब, साखर आणि कंबर वर्षातून एकदा. चरबीसाठी त्यांनी पाच वर्षांची मुभा दिली होती, पण ब्रिटनच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी तीही दरवर्षी मोजायला सांगितली. यात एकही तपासणी महागडी किंवा अवघड नाही. कोणत्याही जिल्हा रुग्णालयात वजनकाटा असतो, बीपीचं यंत्र असतं, लॅब असते. मोजपट्टी शिंप्याकडेसुद्धा मिळते.

तरीही मोजणं होत नाही, याचा सज्जड पुरावा ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सच्या छत्राखाली २००५ साली औषधयोजनेवर लक्ष ठेवणारा एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्यांनी २००६ मध्ये वस्तीत जाऊन रुग्णांना सांभाळणाऱ्या मानसोपचार पथकांकडचे जवळपास दोन हजार रुग्णांचे कागद तपासले. रक्तदाब, लठ्ठपणा, साखर आणि चरबी या चारही गोष्टी वर्षभरात नोंदवलेले रुग्ण निघाले फक्त ११ टक्के. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या कागदावर चारपैकी एकाचीही नोंद नव्हती. दवाखाना सरकारी, उपचार फुकट, प्रत्येकाला नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर, आणि तरी ही गत. गंमत अशी की फॅमिली डॉक्टरमुळेच काही प्रमाणात हे होत होतं. मनाचे डॉक्टर म्हणत, शरीराचं ते बघतील. फॅमिली डॉक्टर म्हणत, गोळी ज्यांनी दिली त्यांनी बघावं. म्हणूनच नंतरच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहावं लागलं की निदान पहिलं वर्षभर ही जबाबदारी औषध सुरू करणाऱ्या तज्ज्ञ पथकाचीच आहे.

आपल्याकडे असा नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर नाही. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या रुग्णासाठी मानसोपचाराची ओपीडी हाच बहुधा एकमेव दवाखाना असतो. तिथे मोजलं नाही तर ते कुठेच मोजलं जात नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या अशा एखाद्या ओपीडीत क्लिनिकल ऑडिट करायचं झालं, तर त्याचा प्रस्ताव कसा असावा, ते नीट बघण्यासारखं आहे. अशा ऑडिटचा पैशाशी संबंध नसतो. संशोधनाशीही नसतो. योग्य काय, हे संशोधन शोधतं. ऑडिट विचारतं, की योग्य काय ते ठरलेलं आहे, मग आपण ते करतोय का? त्यासाठी कोणाला नवं औषध द्यायचं नसतं, कोणाचं रक्त जादा काढायचं नसतं. आधीच लिहिलेले कागद काढून, नावं झाकून, मोजायचं असतं. रुग्णालय प्रशासनाची लेखी परवानगी मात्र हवी, आणि संस्थेची नीतिमत्ता समिती असेल तर तिलाही कळवलेलं बरं.

प्रस्तावाचा जीव असतो त्यातल्या मानकांत. ‘रुग्णांच्या शारीरिक आरोग्याकडे योग्य लक्ष दिले जावे’ हे वाक्य कानाला छान लागतं आणि ऑडिटच्या दृष्टीने शून्य किमतीचं आहे, कारण त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. मानक असं हवं की ज्याने तो रुग्ण कधी पाहिलेला नाही अशा इंटर्नने केसपेपर उघडून अर्ध्या मिनिटात बरोबर किंवा फुली करावी. माझ्या मते चार मानकं पुरतात. पहिलं, गेल्या सहा महिन्यांत ज्यांना औषध नव्याने सुरू झालं, त्यांच्या कागदावर सुरुवातीच्या पाचही नोंदी तारखेसह आहेत का. दुसरं, याच रुग्णांचं वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास लिहिलंय का; ‘आसपास’ म्हणजे एक आठवडा मागेपुढे. तिसरं, वर्षाहून जास्त काळ औषध घेणाऱ्यांच्या पाचही नोंदी गेल्या बारा महिन्यांत किमान एकदा झाल्यात का. आणि चौथं, जिथे नोंद मर्यादेबाहेर आली तिथे पुढे काय केलं ते लिहिलंय का.

मर्यादाही प्रस्तावातच छापायच्या, आणि त्या आपल्या हव्यात. पाश्चात्त्य पुस्तकात बीएमआय २५ च्या वर गेला की वजन जास्त. भारतीय शरीराला मधुमेह लवकर गाठतो, म्हणून आपल्याकडे ही रेषा २३ वर आहे आणि २५ ला लठ्ठपणा सुरू होतो. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८०. रक्तदाब १३०/८५. उपाशीपोटीची साखर १०० पासून पुढे सावध व्हायचं आणि १२६ ला मधुमेहाची शंका पक्की करायला पुन्हा तपासायचं.

लक्ष्य किती टक्के ठेवायचं यावर विभागात वाद होतो. ‘सध्या साठ टक्के होतंय, तर सत्तर ठेवू’ असं कोणीतरी हमखास म्हणतं. ते मान्य करू नये. मानक शंभर टक्केच असावं आणि अपवाद आधीच लिहून ठेवावेत: रुग्णाने नकार दिला आणि तशी नोंद आहे, गरोदर स्त्रीची कंबर, उभं राहता न येणाऱ्याचं वजन. एक गट मात्र अपवादात ढकलायचा मोह टाळायला हवा. रुग्ण घरी, आणि औषध घ्यायला दर महिन्याला वडील किंवा भाऊ येतो, अशांचा. ओपीडीत हे रोजचं दृश्य आहे. या रुग्णांना वगळलं तर टक्केवारी सुधारते, पण ज्यांना वर्षभर कोणी पाहिलेलंच नाही तेच हिशेबातून गायब होतात. त्यांना मोजावं, फुली मारावी आणि शेजारी कारण लिहावं.

एक रुग्ण घेऊन बघू. तो काल्पनिक आहे, पण असे बरेच भेटतात. वय २६, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो, म्हणजे बीएमआय २१ च्या थोडा वर. उपाशीपोटीची साखर ९२. ओलान्झापिन १० मिलिग्रॅम सुरू झालं. चौथ्या आठवड्याला तो आला तेव्हा काट्यावर उभा राहिला असता तर आकडा ६१.५ आला असता. वाढ साडेतीन किलोची, म्हणजे सहा टक्क्यांची. बीएमआय अजून २३ च्या आत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो सडपातळच दिसतो. पण पहिल्या महिन्यात पाच टक्क्यांहून जास्त वाढ झाली, तर पुढेही वजन झपाट्याने चढण्याची शक्यता मोठी असते. औषधाचा फेरविचार करायचा, आहाराचं बोलायचं, तर ते इथेच. प्रत्यक्षात त्या दिवशी कागदावर लिहिलं गेलं, ‘सुधारणा आहे, झोप चांगली, तेच औषध पुढे.’ बाराव्या आठवड्याला वजन ६६, बीएमआय २४, साखर १०८. आता सगळं दिसतंय, पण आठ किलो चढून गेल्यावर. वाढलेले आठ किलो उतरवणं हे पहिले तीन किलो थोपवण्यापेक्षा फार कठीण असतं. म्हणून दुसरं मानक, ते चौथ्या आठवड्याचं वजन, मला चारांत सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच सगळ्यांत जास्त वेळा राहून जातं.

आता अशा ओपीडीची पहिली फेरी कशी दिसेल? ठरावीक तारखेपासून मागे जात, निवड न करता, वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांचे ओळीने ८० केसपेपर काढले असं समजा. आकडे उदाहरणासाठी घेतोय. वजन ८० पैकी ४९ जणांचं, रक्तदाब ४१ जणांचा, साखर २६ जणांची, चरबी ११ जणांची आणि कंबर दोघांची. पाचही नोंदी असलेला एकच रुग्ण. साखर तपासलेल्या २६ पैकी ९ जणांची मर्यादेबाहेर, आणि त्या नऊपैकी तिघांच्याच कागदावर पुढची काही हालचाल.

हे तक्ते विभागाच्या बैठकीत दाखवले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘गर्दीच एवढी असते.’ ते खरंच आहे. पण गर्दी तर सगळ्याच नोंदींना सारखी आहे, मग वजन ६१ टक्के आणि साखर ३२ टक्के का? हे विचारलं की खरी कारणं बाहेर येतात. वजनकाटा आहे, पण तो मेडिसिनच्या ओपीडीत. मोजपट्टी विभागात नाहीच. लॅबमध्ये रक्त अकरापर्यंतच घेतात आणि साखर उपाशीपोटी हवी. रुग्ण सकाळी सहाची एसटी पकडून, चहा-बिस्कीट खाऊन, साडेदहाला पोचतो आणि केसपेपरच्या रांगेत बारा वाजतात. त्याला ‘उद्या उपाशी या’ म्हणणं म्हणजे ‘येऊ नका’ म्हणणं. ज्याने रक्त दिलं त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी तयार होतो आणि रुग्ण येतो महिन्याने, तोवर कागद लॅबच्या खिडकीवरच्या गठ्ठ्यात हरवलेला. यातलं एकही कारण डॉक्टरांच्या अज्ञानाचं नाही. म्हणून ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ असं परिपत्रक काढून किंवा व्याख्यान ठेवून काही हलत नाही.

हलतं ते व्यवस्थेत छोटा फरक केल्याने. वजनकाटा उचलून रांगेच्या तोंडाशी ठेवायचा आणि सिस्टरने वजन लिहिल्याशिवाय कागद आत जाऊ द्यायचा नाही. एक रबरी शिक्का करून घ्यायचा, ज्यात तारीख आणि पाच रिकामे चौकोन असतील. रिकामा चौकोन डॉक्टरच्या डोळ्यांत खुपतो, तेवढाच त्याचा उपयोग. मोजपट्टी टेबलाच्या खणात नाही, तर खुर्चीला बांधून ठेवायची, नाहीतर ती आठवड्यात नाहीशी होते. उपाशीपोटीच्या साखरेऐवजी एचबीएवनसी, म्हणजे लोक जिला तीन महिन्यांची साखर म्हणतात ती, खाऊन आलेल्याचीही करता येते. चरबीची पहिली चाचणीही खाल्ल्यानंतर चालते. ट्रायग्लिसराइड फार जास्त आले तरच उपाशीपोटी पुन्हा करावी. एचबीएवनसीला मात्र दोन मर्यादा आहेत. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने चढलेली साखर तिच्यात पुरती उमटत नाही. आणि रक्तक्षय किंवा सिकलसेल असेल तर तिचा आकडा फसवतो. विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या ओपीडीत हे लक्षात ठेवलंच पाहिजे. तिथे साधी साखरच बरी.

मग येते फेरतपासणी, म्हणजे री-ऑडिट. आपल्याकडची बहुतेक ऑडिटं इथेच दम तोडतात. निवासी डॉक्टरला पदव्युत्तर परीक्षेसाठी एक प्रकल्प दाखवायचा असतो, पहिल्या फेरीचे तक्ते परिषदेत भिंतीवर लागतात, प्रमाणपत्र मिळतं, डॉक्टर पास होऊन निघून जातो. मोजपट्टीही त्याच्याबरोबर जाते म्हणा ना. त्यामुळे फेरतपासणीची तारीख आणि ती कोण करणार त्याचं पद, नाव नव्हे, पहिल्याच प्रस्तावात हवं. बदल लागू झाल्यापासून सहा महिन्यांनी, तीच मानकं, तोच अर्ज, तीच निवडीची पद्धत, पण नवे ८० कागद. मधेच मानक ढिलं केलं किंवा ‘आसपास’ची मुदत वाढवली, तर दोन फेऱ्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आपल्या उदाहरणातल्या ओपीडीत दुसऱ्या फेरीत वजन ७३, रक्तदाब ७०, साखर ५५, चरबी ४३ आणि कंबर ४० जणांची मिळाली, पाचही नोंदी ३३ जणांच्या, असं धरू. एकावरून तेहतीस. टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली, आकडे खरे आहेत का. शिक्क्यातला चौकोन भरायची सक्ती झाली की काही हात तो न मोजताच भरतात. ओळखायला सोपं आहे. खऱ्या मापांचे शेवटचे अंक विखुरलेले असतात. सगळे रक्तदाब १२०/८० आणि १३०/८० असतील, कंबरा ८०, ८५, ९० अशाच असतील, किंवा ओलान्झापिन घेणाऱ्या रुग्णाचं वजन सलग चार भेटींत नेमकं ६० असेल, तर तिथे काट्याला कोणी हात लावलेला नाही. लेखापरीक्षकासारखी ही नजर प्रस्तावातच मान्य करून घ्यावी: दहातल्या एका रुग्णाचं त्याच दिवशी पुन्हा माप घेऊन ताडून बघायचं.

दुसरी गोष्ट चौथ्या मानकाची. दुसऱ्या फेरीत साखर तपासलेल्या ५५ जणांत १९ जणांची मर्यादेबाहेर निघाली आणि त्यातल्या ११ जणांच्या कागदावर पुढची कृती आहे. म्हणजे आठ जणांची साखर वाढलेली आहे, ती कागदावर लिहिलेली आहे, आणि कोणी काहीही केलेलं नाही. मला हा आकडा न मोजण्यापेक्षा वाईट वाटतो. कृती म्हणजे काही फार मोठं नसतं. आहाराबद्दल घरच्यांशी बोलून तशी नोंद, चहातली साखर आणि बाटलीतली थंडपेयं बंद, रोज चालणं. कमी धोक्याच्या औषधाकडे सावकाश वळता येतंय का याचा विचार; क्लोझापिनवर असलेल्याला बहुधा वळवता येत नाही, कारण दुसरं काही लागू पडलेलं नसतं म्हणूनच ते दिलेलं असतं. वजन रोखायला मेटफॉर्मिन देता येतं आणि त्याचा उपयोग होतो, हे आता पुरेसं सिद्ध आहे. किंवा निदान मेडिसिनच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी, आणि रुग्ण तिथे पोचला का याची पुढच्या भेटीत चौकशी. फेरतपासणीनंतरची सगळी शक्ती या आठ जणांवर लावावी, मोजणीची टक्केवारी नव्वदवर नेण्यावर नव्हे.

ब्रिटनमधल्या त्या पथकांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. त्यांना दरवेळी स्वतःचे आकडे इतर पथकांच्या आकड्यांशेजारी ठेवून दाखवले गेले, आणि मोजणी पुन्हा पुन्हा झाली. वर्षभरात ११ टक्क्यांचे २३ झाले. २०१२ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांत, चारही नोंदी असलेले रुग्ण तीनात एकाच्या थोडे वर पोचले. एकही नोंद नसलेले निम्म्यावरून सातात एकावर आले. राष्ट्रीय पातळीवरचा उपक्रम, पैसा, मनुष्यबळ असूनही तीनातल्या दोघांचं अपुरंच राहिलं. त्यामुळे आपल्या उदाहरणातली एकावरून तेहतीसची उडी प्रत्यक्षात सहा महिन्यांत आली तर आनंद कमी आणि संशय जास्त घ्यावा, आणि तिसरी फेरी वर्षभराने ठेवावी. पहिला उत्साह ओसरल्यावर काय उरतं ते तीच दाखवते.

घरात कोणी ही औषधं घेत असेल, तर ऑडिटची वाट बघत बसण्याचं कारण नाही. औषध सुरू होण्याच्या दिवशीचं वजन वहीत लिहा, मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याचं, आणि ती वही ओपीडीत डॉक्टरांसमोर ठेवा. वर्षातून एकदा साखर, चरबी आणि बीपी झालं का, ते स्वतःहून विचारा. रुग्णाऐवजी तुम्हीच औषध न्यायला येत असाल, तर दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी त्यालाही सोबत आणा. वजन वाढलं म्हणून गोळी मात्र मनाने बंद करू नका. आजार उलटला तर तो आधीपेक्षा जड जातो, आणि औषध बदलायचं असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळूच बदलावं लागतं.